संताजी शितोळ्यांची पसंत-पर्ची

देवासला सोयाबीनच्या तेलाचा एक कारखाना आहे. त्याचा बॉयलर वर्षातून एकदाच, तपासणीपुरता थंड होतो. बाकीचे दिवस तो धगधगत असतो, आणि त्याच्यापाशी तीनही पाळ्यांना माणूस उभा लागतो. या कामावर आठ जण होते. त्यांत संताजी शितोळे सर्वांत खोडकर होते, आणि वय मात्र छप्पन्न.

संताजींचे आजोबा देवासच्या दोन संस्थानांपैकी धाकट्या पातीच्या पागेत कारकून होते. वडील तहसिलीत गेले आणि संताजी आयटीआयला. पुढे परीक्षा देऊन त्यांनी बॉयलर चालवण्याचा पहिल्या वर्गाचा दाखला मिळवला. ते कारखान्यात लागले त्याच दिवशी उदाजीराव निंबाळकरही लागले. दोघांची तारीख एक, तेव्हा सीनियर कोण? नियम असा की रुजू होण्याची तारीख एकच असेल तर वयानं मोठा तो वरचा. उदाजीराव अकरा दिवसांनी मोठे निघाले. वर त्यांचं घराणं थोरल्या पातीचं. संताजी तीस वर्षं, माळवी ढंगानं भैयाचा भिया करून, सांगत आले की, "भिया, संस्थानं गेली, पण आम्ही अजून धाकटेच."

आता या पाळ्या वाटायच्या कशा, ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

दर सहा महिन्यांनी आठ लाइनी लागत. लाइन म्हणजे सहा महिन्यांचा ठरलेला साचा: कुठल्या दिवशी कुठली पाळी, सुट्टी कधी. एक नंबरच्या लाइनीत कायम सकाळची पाळी आणि रविवारी सुट्टी. तिच्यावर सगळ्यांचा डोळा. दोन नंबरही सकाळचीच, पण सुट्टी गुरुवारी. चार नंबर बदलीची, म्हणजे ज्याची सुट्टी असेल त्याच्या जागी उभं राहायचं, आज सकाळ तर परवा रात्र, सुट्टी बुधवारी. आणि आठ नंबर म्हणजे निव्वळ रात्री. मंगळवार सोडला तर रात्री दहा ते सकाळी सहा, सहा महिने.

नोटीसबोर्डावर लाइनी लागल्या की प्रत्येकानं पर्चीवर आठही नंबर पसंतीच्या क्रमानं लिहायचे आणि पर्ची पेटीत टाकायची. कोरी टाकली तर उरेल ते गळ्यात. मग ऑफिस सीनियरिटीच्या यादीनं वरून खाली येई. प्रत्येकाच्या पर्चीवरची जी सर्वांत वरची लाइन अजून शिल्लक असेल, ती त्याला.

पण नुसत्या सीनियरिटीवर सोडलं तर वरच्यांनी जन्मभर रविवार खाल्ले असते. म्हणून एक नियम होता: ज्याला एक नंबर मिळाली तो पुढच्या सहामाहीत यादीच्या तळाशी. त्यानंतर परत आपल्या जागेवर. मधेच अदलाबदल करून लाइन दुसऱ्याला दिली तरी नोंद ज्याला मिळाली त्याच्याच नावावर, म्हणजे ती पळवाटही बंद.

आणखी एक नियम बॉयलरचा. प्रत्येक पाळीला पहिल्या वर्गाचा दाखला असलेला एक तरी माणूस हवाच. म्हणून चार लाइनींवर तारा काढलेला असे: चार, पाच, सात आणि आठ. ताऱ्याच्या लाइनी पहिल्या वर्गवाल्यांनीच घ्यायच्या. दुसऱ्या वर्गवाल्यांना त्या मिळतच नसत, पर्चीवर कितीही वर लिहिल्या तरी.

त्या वर्षी जानेवारी ते जून एक नंबर संताजींकडे होती. म्हणजे जुलैच्या वाटपात ते आठव्या जागी, कृतिकाच्याही खाली. कृतिका ही सर्वांत नवी, दुसऱ्या वर्गाची. तीन वर्षांपूर्वी ती लागली तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या होत्या. तिनं रात्रपाळीची लेखी संमती देऊन, कंपनीची गाडी घरापर्यंत मागून घेऊन सगळ्यांचं तोंड बंद केलं होतं.

संताजींना रविवार हवा होता तो अक्कासाठी. अक्का म्हणजे त्यांची चौदा वर्षांनी मोठी बहीण, धारला बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी, निवृत्त हेडमास्तरीण. दर रविवारी संताजी सकाळच्या बसनं निघत, इंदूरला गाडी बदलत आणि अकराच्या सुमाराला धारला पोचत. जेवण झालं की बहीणभाऊ सोंगट्या खेळत. दोघंही लबाडी करत आणि दोघंही पकडले गेले की समोरच्यावर ओरडत. हे सहा महिने चाललं होतं आणि संताजींना ते सोडवत नव्हतं.

तळाच्या माणसाला एक नंबर मिळणार कशी? वरचे सातही जण ती सोडतील तेव्हाच. आणि शहाणा माणूस ती कशाला सोडेल?

संताजींनी नियमांचा कागद काढून तीनदा वाचला. तो अंकितानं लिहिला होता. अंकिता दोन वर्षांपूर्वी ड्यूटी चार्ट लावायला आलेली मुलगी. तिच्या आधी एक सुपरवायझर हे काम करायचे आणि त्यांची पद्धत वेगळी होती. ते आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या बघत आणि वाटून टाकत. मग उरलेल्यांच्या दुसऱ्या. त्या पद्धतीत खरोखर असं व्हायचं की एक नंबर पहिली लिहिली, ती वरच्यानं नेली, आणि आपली दुसऱ्या पसंतीची लाइन तोवर कुणीतरी पहिली लिहून पळवलेली. त्यामुळे लोक घाबरून भलतंच काही पहिलं लिहीत. अंकितानं ती भानगडच काढून टाकली. नव्या नियमातलं सहावं कलम होतं: एका माणसाची पूर्ण पर्ची वरपासून बघून त्याला लाइन देऊन मगच दुसऱ्याकडे जायचं. म्हणजे पहिली पसंती वाया जाण्याचा प्रश्नच नाही. मनात आहे ते क्रमानं लिहावं, तेच फायद्याचं.

हे कलम कुणीच वाचलं नव्हतं. कागद हिंदीत होता, चांगला मोठ्या अक्षरात होता, पण चार पानांचा होता. संताजींनी तो घडी करून खिशात ठेवला आणि चहाच्या टपरीकडे निघाले.

टपरीवर रघुजी भेटले. रघुजी पहिल्या वर्गाचे, यादीत दुसरे, पीपलरावां गावी थोडी शेती.

"काय लिहिताय रघुजी?"

"एक नंबर. आणि काय? बायको म्हणते, रविवारी घरी दिसा जरा."

संताजींनी खेदानं मान हलवली. "सगळेच एक नंबर पहिली लिहिणार. उदाजीराव तुमच्या वर. त्यांनी नेली की तुमची पहिली पसंती जळाली. दुसरीचा नंबर येईस्तोवर तीही गेलेली. मग घ्या आठ नंबर आणि बसा घुबडासारखे."

"मग?"

"दोन नंबर पहिली लिहा. तिच्या वाटेला कोणी जात नाही. सकाळच तर आहे. सुट्टी गुरुवारी, मंडी उघडी, माल घेऊन जाता येईल."

रघुजींना मंडीचं पटलं. खरं तर उदाजीरावांना सकाळी सहाला कामावर येणं म्हणजे शिक्षा वाटे आणि ते वर्षानुवर्षं पाच नंबरची दुपारचीच लाइन घेत. रघुजींना हे ठाऊक होतं, पण संताजी इतक्या कळकळीनं बोलत होते की ते विसरले.

दुसऱ्या दिवशी तुकारामची गाठ पडली. तुकाराम पहिल्या वर्गाचा, यादीत चौथा, आणि कारखान्यातला एकमेव माणूस ज्याला आठ नंबर मनापासून आवडे. रात्री साहेब नसतात, फोन नसतात, बॉयलरचा एक सुरातला आवाज असतो, आणि दिवसा घरात कोणी नसल्यामुळे झोप छान लागते. त्याला फसवण्याचं संताजींना काहीच कारण नव्हतं. पण तुकारामनं आपणहून विचारलं.

"संताजी भिया, ते पहिल्या पसंतीचं काय म्हणत होता तुम्ही रघुजींना?"

आता एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं असतं तर बिंग फुटलं असतं. "तेच," संताजी म्हणाले, "जे मनापासून हवं ते पहिलं लिहायचं नाही. दुसरं लिहायचं."

तुकारामनं मान डोलावली आणि पर्चीवर चार पहिली, आठ दुसरी लिहिली.

दुसऱ्या वर्गातल्या दोघांना तर सांगायलाही लागलं नाही. टपरीवरची गोष्ट त्यांच्यापर्यंत आपोआप पोचली. एकानं तीन पहिली लिहिली, दुसऱ्यानं सहा.

राहिली कृतिका. ती संताजींना काका म्हणायची. तिची चार वर्षांची मुलगी उर्वी पाळणाघरात असे आणि पाळणाघर रविवारी बंद. नवरा पीथमपूरला नोकरीला, तोही रविवारीच घरी यायचा. गेले सहा महिने कृतिका रविवारी ड्यूटीवर असताना तो एकटा मुलीबरोबर असे आणि रात्री ती घरी पोचेपर्यंत त्याची निघायची वेळ झालेली असे.

"काका, मी एक नंबर पहिली लिहू का? मिळणार तर नाहीच, पण लिहायला काय जातं?"

संताजी 'लिही' म्हणायला निघाले होते. पण डोळ्यांसमोर सोंगट्यांचा पट होता. "बेटा, मिळणार नाही ते लिहून पर्ची कशाला खराब करायची? सहा लिही, तीन लिही. एक नंबर अगदी शेवटी टाक."

"शेवटी?"

"शेवटी."

तिनं विश्वासानं शेवटी टाकली. संताजी घरी गेले आणि त्या रात्री बायकोला म्हणाले, "मला आज जेवण जात नाही." बायको शाळेत शिकवायची, पोरांच्या पोटदुख्या तिला पाठ होत्या. ती म्हणाली, "काय करून आलात?"

"काही नाही."

"म्हणजे नक्कीच काहीतरी."

पर्च्या उघडायच्या दिवशी अंकितानं सगळ्यांना बोलावलं. टेबलावर आठ पर्च्या आणि एक मोठा तक्ता. ती हिंदीत एकेक नाव वाचत गेली आणि तक्त्यावर लिहीत गेली. संताजी मागे भिंतीला टेकून, हातांची घडी घालून उभे होते. चेहरा असा की लग्नाच्या पंगतीत श्रीखंड येताना दिसावं.

उदाजीराव, पाच. ठरल्याप्रमाणे. रघुजी, दोन. संताजींनी मनातल्या मनात एक सोंगटी पुढे सरकवली.

इथं अंकिता थांबली आणि तक्त्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून तिनं त्याला गोल केलं. मग पुढे गेली. तिसरे, मनावर गावचे एक पाटीदार, पहिल्या वर्गाचे. टपरीवरची गोष्ट ऐकून त्यांनीही तीन पहिली लिहिली होती आणि ती शिल्लकही होती. अंकिता म्हणाली, "आपको तारेवाली ही मिलेगी," आणि त्यांची पुढची पसंती सात त्यांना दिली.

संताजींनी हातांची घडी सोडली. तीन शिल्लक असताना ती का नाही दिली?

तुकाराम, चार. दुसऱ्या वर्गातले दोघे, तीन आणि सहा. तक्त्यावर दोनच घरं रिकामी राहिली: एक आणि आठ. माणसंही दोनच: कृतिका आणि संताजी. कृतिकाच्या पर्चीवर सहा, तीन, दोन गेलेल्या होत्या. पुढे होत्या चार, पाच, सात, आठ. आणि शेवटी एक.

"कृतिका, एक नंबर," अंकिता म्हणाली.

"अरे!" संताजींच्या तोंडून निघालं. "तिनं आठ वर लिहिलीय की!"

"आठ पे तारा है, शितोळेजी. कृतिका दुसऱ्या वर्गाची आहे." अंकिताला थोडं मराठी येत असे आणि ती वादाच्या वेळी ते वापरे. "तुम्ही पहिल्या वर्गाचे. तारे चार, तुम्ही पाच जण. पाचातला एकच बिनताऱ्याची घेऊ शकतो. तो रघुजींनी दोन नंबर घेतली तेव्हाच झाला. मग बाकी चौघांनी ताऱ्यावरच जायचं."

मार्चपर्यंत माणसं नऊ होती, लाइनीही नऊ, आणि पहिल्या वर्गाचे सहा. मग त्या सहांतला एक जण निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या जेवणात संताजींनी तीन वाट्या बासुंदी खाल्ली होती आणि भाषणही ठोकलं होतं. पण सहातून एक वजा करायचं मात्र राहून गेलं होतं.

संताजी, आठ. सहा महिने निव्वळ रात्री.

बाहेर आल्यावर कृतिका धावत मागे आली. तिचे डोळे भरले होते. "काका! तुम्ही म्हणालात एक शेवटी टाक, आणि शेवटचीच मिळाली! तुम्हाला कसं कळलं हो?"

संताजींनी खिशातला नियमांचा कागद आणखी खोल सारला. "अनुभव असतो बेटा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं पेढ्याचं खोकं आणलं आणि संताजींनी त्यातले दोन गंभीरपणे खाल्ले.

पण तुकाराम गप्प बसणारा नव्हता. तो अंकिताकडे गेला आणि म्हणाला, मला आठ हवी होती. अंकितानं त्याची पर्ची काढली. "तुम्ही चार पहिली लिहिलीत. तुमची पाळी आली तेव्हा आठ शिल्लक होती. पहिली लिहिली असती तर मिळालीच असती."

"पण पहिली पसंती जळते ना?"

"कुणी सांगितलं?"

तिनं पेन्सिल घेतली आणि त्याला सहावं कलम समजावलं, मग तोच तक्ता पुन्हा खऱ्या पसंत्यांनी चालवून दाखवला. रघुजींनी एक नंबर पहिली लिहिली असती तर ती त्यांची. तुकारामनं आठ लिहिली असती तर ती त्याची. मग शेवटी संताजींना मिळाली असती चार, त्यात पाळी सारखी बदलायची, पण रात्री मोजक्याच. थोडक्यात, संताजींनी सगळा खटाटोप करून स्वतःला चार नंबरवरून आठवर नेऊन बसवलं होतं. तुकाराम पाच मिनिटं हसत बसला. अंकिताला वाटलं त्याला काहीतरी होतंय.

अदलाबदलीला पाच दिवसांची मुदत होती. दोघं एकाच वर्गाचे हवेत, दोघांच्या सह्या हव्यात, आणि नव्या चार्टवर जाताना रात्रीला लागून सकाळ येता कामा नये. एवढं जमलं की झालं. कृतिकाकडे मागायची सोय नव्हती, ती दुसऱ्या वर्गाची. उरला तुकाराम. संताजींना आठ नको होती, तुकारामला हवी होती. इतकी सोपी अदलाबदल कारखान्याच्या इतिहासात झाली नसेल. संताजी फॉर्म भरून, आपली सही करून तुकारामकडे गेले.

"वा," तुकाराम म्हणाला. "ठेवा. बघतो."

"बघायचं काय त्यात? तुला आठ आवडते!"

"आवडते. पण जे मनापासून हवं ते लगेच घ्यायचं नसतं ना, भिया. तुम्हीच शिकवलंत."

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. संताजी त्याच्या डब्यात आपली भाजी वाढू लागले. त्याच्या मोटरसायकलवरची धूळ पुसून ठेवू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला काय हवंय ते तरी सांग."

तुकारामनं अट सांगितली. टपरीवर, सगळ्यांसमोर, सहावं कलम मोठ्यानं वाचायचं. हिंदीत एकदा, मग मराठीत समजावून, मग माळवीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको.

"आणि नाही वाचलं तर?"

"तर मी चार नंबर करीन. वाईट नाही. बुधवारी सुट्टी आहे."

चौथ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी, दुपारी दोनला, संताजी टपरीच्या बाकावर उभे राहिले. खिशातला घडी केलेला कागद काढला. सकाळचे सुटलेले आणि दुपारचे आलेले असे आठातले सात जण होते, वर दोन ट्रकवाले आणि टपरीवाला. संताजींनी हिंदीत वाचलं तेव्हा कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मराठीत सांगायला लागले तसे रघुजी चहाचा ग्लास खाली ठेवून उभे राहिले.

"म्हणजे," रघुजी म्हणाले, "मी एक लिहिली असती तर मला एक मिळाली असती?"

"हो."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

संताजींनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "होतं. मला ती स्वतःला हवी होती. धारला जायला. मी तुम्हाला फसवलं, रघुजी. कृतिकालाही."

कोणी हसलं नाही. रघुजींचा चेहरा लाल झाला होता. ते तरातरा ऑफिसात गेले. वीस मिनिटांनी बाहेर आले. अंकितानं त्यांना सांगितलं होतं की हरकत घ्यायची ती नियम चुकीचा लावला तर. कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही काय लिहिलं, ते नियमात येत नाही. पर्चीवर सही तुमची.

गेटपाशी कृतिका उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "रघुजी दादा, लाइन तुमची होती. तुम्ही पहिल्या वर्गाचे, मी दुसऱ्या, पण आपल्या दोन्ही लाइनी बिनताऱ्याच्या आहेत. मॅडमना विचारून बघू का?"

 रघुजींनी विचारलं, "छोरी किती वर्षांची तुझी?"

"चार."

"राहू दे," रघुजी म्हणाले. "गुरुवारी मंडी उघडी असते." आणि सायकल काढून निघून गेले. त्यानंतर महिनाभर ते संताजींशी मराठीत एक शब्द बोलले नाहीत. काही विचारलं तर माळवीत उत्तर देत, तेही दुसऱ्या कुणाकडे तरी बघत. संताजींना हे रात्रपाळीपेक्षा जड गेलं.

कृतिका मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, पेढे परत द्या."

"खाल्ले ना बेटा."

"मग पुढच्या वर्षी उर्वीच्या वाढदिवसाला तुम्ही आणायचे." एवढं बोलून ती गेली. ती चिडली होती की नाही, हे संताजींना आजतागायत कळलेलं नाही.

तुकारामनं पाचव्या दिवशी दुपारी, मुदत संपायला तासभर असताना सही केली. आठ त्याला, चार संताजींना. अंकितानं चार्ट तपासला, दोघांच्याही विश्रांतीचे तास बरोबर बसले, आणि शिक्का मारला.

मग संताजींना सर्वांत अवघड काम करायचं होतं. धारला फोन.

"अक्का, पुढचे सहा महिने रविवारी येणं होणार नाही. मला बुधवार मिळालाय. मी फार प्रयत्न केला गं."

 पलीकडून अक्का आपल्या हेडमास्तरणीच्या, जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "संतू, तुला रविवारी यावयास कोणी सांगितले होते?"

"म्हणजे?"

"रविवारी दुपारी आमच्या बायकांचे भजन असते. सहा महिने मी ते तुझ्यापायी बुडवीत आहे. बुधवारी यावे. सावकाश यावे. आणि येताना त्या मंडळातल्या बायकांसाठी काही घेऊन यावे, त्या माझ्यावर रुसल्या आहेत."

संताजी फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात गेले. बायकोनं विचारलं, "काय झालं?" त्यांनी सगळं सांगितलं, पर्च्यांसकट. ती इतकी हसली की शेजारची बाई दारात आली.

चार नंबरच्या लाइनीत मंगळवारी रात्रपाळी असे, तुकारामच्या सुट्टीच्या जागी. संताजी बुधवारी सकाळी सहाला सुटत आणि तसेच बसमध्ये चढत. इंदूरला गंगवाल बसस्टँडवर गाडी बदलताना एकदा झोपेत भलत्याच बसमध्ये बसले आणि उज्जैनच्या रस्त्याला लागले. धारला पोचून जेवले की पटावर बसल्या बसल्या डोळे मिटत. उघडत तेव्हा अक्काच्या सोंगट्या घरात पोचलेल्या असत.

"तू हलवल्यास," ते म्हणत.

"तू निजला होतास. तुझ्याकडे साक्षीदार आहे काय?"

असे सहा महिने गेले. डिसेंबरात पुढच्या वाटपाचा कागद लागला. आता कृतिका तळाला आणि संताजी आपल्या जुन्या जागेवर, उदाजीरावांच्या लगेच खाली. पर्च्या वाटल्या त्या दिवशी टपरीवर एकेक जण येऊन विचारू लागला.

"संताजी, तुम्ही काय लिहिताय?"

"चार."

"पहिली चार?"

"पहिली चार. आणि तुम्ही जे हवंय ते वरून खाली खरं खरं लिहा. सहावं कलम वाचलंय ना मी?"

रघुजी आता पुन्हा मराठीत बोलत होते. ते उदाजीरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "चार का लिहितोय हा? एक नंबर समोर पडलीय, आणि चार? काहीतरी आहे यात."

"नक्की काहीतरी आहे," उदाजीराव म्हणाले. त्यांनी आपली पर्ची तळहातानं झाकून लिहिली, मग खोडली, मग अंकिताकडून दुसरी मागून आणली आणि शेवटी नेहमीप्रमाणे पाचच लिहिली.

अंकितानंही पर्च्या उघडताना संताजींना बाजूला बोलावून विचारलं, "शितोळेजी, लिहिताना चूक तर नाही ना झाली?"

"नाही."

तक्त्यावर त्यांच्या नावापुढे चार लागली. त्यानंतर रघुजींच्या नावापुढे एक. रघुजींनी मागे वळून संताजींकडे बघितलं, पुन्हा तक्त्याकडे बघितलं, आणि तुकारामला हळूच विचारलं, "एक नंबरमध्ये यंदा काही खोट तर नाही ना रे?"